पलंगाखालची टेहळणी

दारावरची बेल वाजण्याआधीच मनीला पाहुण्यांची चाहूल लागलेली असते. लिफ्टचं दार उघडतं, बाहेर अनोळखी पावलं वाजतात आणि सोफ्यावर अंगाचं मुटकुळं करून पडलेल्या मनीचे कान तिकडे वळतात. दार उघडून ‘या, या’ होईपर्यंत ती आतल्या खोलीत पलंगाखाली गेलेली असते. घरातले सांगतात, “आमची मनी जरा भित्रीच आहे.” पाऊण तासाने चहा होतो, गप्पा रंगतात आणि तीच मनी बैठकीच्या दारात येऊन उभी राहते. मनी हे नाव उदाहरणापुरतं. मांजर पाळणाऱ्या बहुतेकांनी हा प्रसंग पाहिलेला असतो. पाहुणे तेच, मांजर तेच, मग त्या पाऊण तासात बदललं काय?

पाळीव मांजर हे आफ्रिकी रानमांजराचं वंशज. हे रानमांजर एकट्याने राहतं आणि एकट्यानेच उंदरांसारखी छोटी शिकार करतं. पण आकाराने ते लहान, त्यामुळे मोठ्या शिकारी प्राण्यांपासून त्याला स्वतःचा जीवही सांभाळावा लागतो. कुत्र्याच्या पूर्वजांमागे कळप होता. मांजराच्या पाठीशी कुणी नाही. पाय जायबंदी झाला की शिकार थांबली आणि उपासमार सुरू. म्हणून झटापट हा त्याचा अगदी शेवटचा उपाय. आधी अंतर वाढवायचं, आडोसा गाठायचा आणि तिथून परिस्थिती जोखायची, हा क्रम त्याच्यात मुरलेला आहे. मनीला भित्री म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. ती तिच्या जातीला शोभेल असंच वागते.

त्यात पाहुणे आत येतात तो क्षण मांजरासाठी सगळ्यात कठीण. बेल, मोठ्याने केलेलं स्वागत, पिशव्यांची सळसळ आणि किल्ल्यांची खुळखुळ हे सगळं एकदम अंगावर येतं. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला 60 हजारांच्याही वरचे. त्यामुळे या सळसळीतला आपल्याला न ऐकू येणारा भागही त्याच्या कानी पडतो. शिवाय उंच, अनोळखी वासाची माणसं थेट त्याच्या दिशेने चालत येतात. एखादं मूल ‘माऊ!’ म्हणत वाकतं, डोळ्यांत डोळे घालून बघतं आणि वरून हात घालतं. मांजरांच्या जगात रोखून पाहणं म्हणजे धमकी. मनीच्या बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, अंग जमिनीलगत जातं आणि ती सटकते.

पलंगच का? छत इतकं खाली की मोठं जनावर आत घुसू शकत नाही. दोन भिंतींच्या कोपऱ्यात गेलं की पाठ सुरक्षित होते, येणारा समोरूनच येणार आणि माणसाचा हात त्या कोपऱ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. वर रोज झोपणाऱ्या ओळखीच्या माणसांचा वास असतो. आजकाल बऱ्याच घरांत सामान ठेवायचे बॉक्स बेड असतात, त्यांच्याखाली फटच नसते. अशा घरातलं मांजर वॉशिंग मशिनच्या मागे किंवा कपाटावर जातं. म्हणजे त्याला पलंग नको असतो, आडोसा हवा असतो.

या आडोशाचा उपयोग नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोजून दाखवला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निवारागृहात नव्याने आलेली 19 मांजरं होती. काहींच्या पिंजऱ्यात लपायला खोकं ठेवलं, काहींच्या नाही. मग अंगाची ठेवण, कान, बाहुल्या, श्वास यांवरून प्रत्येकाचा ताण नोंदवला. खोकं मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांतच निवळली. उरलेलीही सावरली, पण त्यांना दोन आठवड्यांच्या आसपास लागले. लपल्यामुळे भीती वाढत नाही, लवकर उतरते.

आता त्या पाऊण तासाकडे येऊ. पलंगाखाली मनी झोपलेली नसते. भीतीचा पहिला झटका काही मिनिटांत ओसरतो आणि कान, नाक कामाला लागतात. इकडेतिकडे फिरणारी पावलं थांबली, आवाज एकाच जागेवरून आणि एका पट्टीत येऊ लागले, या खोलीकडे कुणी फिरकलं नाही. घरच्यांचा स्वर नेहमीसारखा आहे. मांजरं आपल्या माणसाचा आवाज नेमका ओळखतात, हे जपानमधल्या 2013 च्या एका अभ्यासात दिसलं आहे. ती जागची हलत नाहीत, फक्त कान आणि मान वळवतात. नवा वासही हळूहळू पलंगाखाली येऊन पोहोचलेला असतो. बसलेला माणूस बुटका होतो आणि मुख्य म्हणजे त्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज येतो. धोका बराच कमी झालेला असतो, आणि मग मांजराचं दुसरं अंग वर येतं: आपल्या हद्दीत कोण शिरलंय ते तपासल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

बाहेर येण्यालाही टप्पे असतात. आधी उंबऱ्याशी थांबणं, चौकटीला गाल घासून आपला वास लावणं. मग बहुधा दाराजवळच्या चपला आणि पाहुण्यांच्या पिशव्या. माणूस कुठून आला, त्याच्या घरी कुत्रा आहे का, हे तिथे सावकाश हुंगता येतं आणि चप्पल हात पुढे करत नाही. त्यानंतर माणूस. मान पुढे ताणलेली, पण वजन मागच्या पायांवर, केव्हाही वळता यावं म्हणून. शेपूट ताठ उभी राहिली की समजावं, मैत्रीचा विचार आहे. पुष्कळदा मांजर नेमकं त्याच्याशी अनोळखी वागणाऱ्या, मांजर न आवडणाऱ्या मावशींच्या पायाशी जातं. त्या रोखून पाहत नाहीत, हात पुढे करत नाहीत, बोलावत नाहीत. मांजराच्या हिशेबात त्याच सगळ्यांत सभ्य.

“थांबा, दाखवते आमची मनी,” म्हणत तिला पाय धरून ओढून काढलं की हा सगळा क्रम मोडतो. ओरखडे निघतातच, शिवाय पलंगाखालची जागाही सुरक्षित नाही हे तिला कळतं. पुढच्या वेळी ती माळ्यावर जाते आणि पाहुणे निघून गेल्यावरही उतरत नाही. त्यापेक्षा खोलीचं दार किलकिलं ठेवावं. पाणी आणि शूची पेटी तिला पाहुण्यांसमोरून न जाता गाठता यावी. आलीच तर पाहुण्याने बसल्या जागी एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरावं, डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या प्रयोगात असं करणाऱ्या अनोळखी माणसाजवळ मांजरं अधिक आली. गणपतीत मात्र दर अर्ध्या तासाने नवी माणसं येतात, तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्या दिवसांत तिला एक बंद, शांत खोली द्यावी.

सगळी मांजरं सारखी नसतात. साधारण दोन ते सात आठवड्यांच्या वयात वेगवेगळ्या माणसांनी हळुवार हाताळलेली पिल्लं मोठेपणी पाहुण्यांना लवकर सामोरी जातात. बाप धीट असेल तर त्याचाही गुण पिल्लांत उतरतो, मग त्याने त्यांना कधी पाहिलेलंही नसो. उशिरा घरात आलेली मांजरं कदाचित कधीच बाहेर येणार नाहीत, आणि त्यातही काही बिघडलेलं नाही.

काळजी करायची ती वेगळ्या लपण्याची. पाहुणे गेले, घर शांत झालं, तरी मांजर दुसऱ्या दिवशी पलंगाखालीच असेल, चोवीस तास अन्नाला तोंड लावलं नसेल, तर ते आजारामुळे असू शकतं. उपाशी मांजराचं यकृत, विशेषतः लठ्ठ मांजराचं, थोड्या दिवसांतच बिघडू शकतं. आणि बोका वारंवार शूला बसतोय पण थेंबही होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्यावं.