एका दिवसाची खिचडी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार सांभाळणाऱ्या मॅडमना गुरुवारी रजा हवी आहे. सोमवारीच त्या सहकाऱ्याला विचारतात, "सर, गुरुवारी आहाराचं बघाल का? शनिवारचा तुमचा परिपाठ मी घेते." बदल्यात नेमका दिवस आणि काम सांगितलं की समोरच्याला हिशेब कळतो, नाही म्हणणंही सोपं जातं. ठरलं की मुख्याध्यापकांना कळवायचं, म्हणजे जबाबदारी कुणाची, यावर वाद होत नाही.

"रोजच्यासारखं बघा" एवढ्यावर मात्र काम भागत नाही. रोजचं काय ते मॅडमनाच ठाऊक. म्हणून चिठ्ठी: "हजेरी झाल्यावर पट मोजा. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. म्हणजे ६० आणि ४० मुलं आली तर ६ अधिक ६, १२ किलो. कोठीची किल्ली कपाटात. वाढण्याआधी चव घ्या, चव नोंदवहीत सही करा. वास आला तर वाढू नका, मुख्याध्यापकांना सांगा. शिल्लक तांदूळ त्याच दिवशी लिहा."

शुक्रवारी मॅडम आधी साठा नोंदवही उघडतात. शिल्लक १२ किलोंनीच घटलेली दिसली, की चिठ्ठी नीट लिहिली होती.