एसीचा गॅस 'संपत' नाही

मार्च सरता सरता घरोघरी एसी पुन्हा सुरू होतात आणि त्यातले काही नीट गार करत नाहीत. मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला गेज लावतो, 'गॅस संपलाय' म्हणतो, सिलिंडर जोडून गॅस भरतो आणि पैसे घेऊन जातो. संध्याकाळी खोली मस्त गार होते. पुढच्या वर्षी त्याच सुमारास तोच फोन, तोच मेकॅनिक आणि तेच वाक्य.

एसीतला गॅस हा पेट्रोलसारखा जळून जाणारा पदार्थ नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. खोलीतल्या कॉइलमध्ये तो उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता घेतो. बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होतो आणि ती उष्णता बाहेर टाकतो. कारखान्यात भरलेला गॅस यंत्र मोडीत निघेपर्यंत पुरावा अशीच ही रचना असते. तो कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळतोय. याला एकच मोठा अपवाद आहे: बसवतानाच तो कमी पडलेला असतो. लांब नळी टाकली आणि वाढीव गॅस भरला नाही, किंवा जोडताना थोडा उडून गेला, तर नवा एसीही पहिल्या दिवसापासून अर्धपोटी चालतो.

गॅस खरोखर कमी आहे का, हे मेकॅनिक येण्याआधी घरच्या माणसालाही बरंचसं कळू शकतं. त्यासाठी बाहेरच्या युनिटपाशी जाऊन दोन नळ्या पाहायच्या, एक बारीक आणि एक जाड. एसी अर्धा तास चालू दिल्यावर जाड नळी हाताला चांगली गार लागली पाहिजे आणि दमट हवेत तिच्यावर घाम यायला हवा. गॅस कमी असेल तर जाड नळी कोरडी आणि कोमट राहते, आणि बारीक नळीच्या जोडावर पांढरा बर्फ धरतो.

गॅस कमी असताना बर्फ का, हे आधी उलटंच वाटतं. आजच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ हा गॅस असतो. यंत्र नीट चालत असताना आतल्या कॉइलमध्ये त्याचा दाब साधारण १२० पीएसआय असतो आणि त्या दाबाला तो ५ अंशांच्या आसपास उकळतो. गॅस कमी झाला की दाब उतरतो. ७५ पीएसआयला हाच गॅस उणे ८ अंशांना उकळतो. म्हणजे जिथे तो कॉइलमध्ये शिरतो, तेवढा तुकडा गोठणबिंदूच्या खाली जातो आणि हवेतली वाफ तिथे बर्फ होऊन बसते. पण द्रव थोडाच असल्याने तो पहिल्या काही वळणांतच उकळून संपतो आणि उरलेली कॉइल जवळजवळ कोरडी राहते. इनडोअरचं झाकण उघडून पाहिलं तर कॉइलच्या एका कोपऱ्यात बर्फ आणि बाकी भाग कोमट असं दिसतं. एसी बंद केला की हा बर्फ वितळतो आणि भिंतीवरून पाणी ओघळतं. मग सगळे ड्रेनच्या पाइपला दोष देतात.

इथे एक घोळ होतो. जाळी धुळीने बुजली किंवा आतला पंखा मंद झाला, तरीही बर्फ धरतो, मात्र त्याची चाल निराळी असते. हवाच पोचत नसल्याने गॅस पुरता उकळत नाही, बर्फ अख्ख्या कॉइलवर पसरतो आणि जाड नळीवरूनही बाहेर येतो. म्हणून जाड नळीवर बर्फ दिसला तर गॅसचं नाव काढण्याआधी जाळी धुवा. अशा यंत्रात गॅस भरला तर तो जास्त होतो आणि न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाऊ लागतो. दाबाने वायू ढकलण्यासाठी बनवलेल्या यंत्राला द्रव ढकलावा लागणं फार महागात पडतं.

मेकॅनिककडे आणखी एक साधन असतं, क्लॅम्प मीटर. गॅस कमी असला की कॉम्प्रेसरला काम कमी पडतं, त्यामुळे साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा करंट प्लेटवर छापलेल्या आकड्याच्या बराच खाली जातो. पण वीज कमी लागतेय म्हणून खूश होऊ नये. खोली गार होत नाही, म्हणून यंत्र थांबतच नाही आणि महिन्याचं बिल वाढतंच. शिवाय परत येणारा गार वायू कॉम्प्रेसरला थंड ठेवत असतो. तो कमी आला की कॉम्प्रेसर तापतो, ओव्हरलोड त्याला मध्येच बंद पाडतो, आणि असे काही उन्हाळे गेले की कॉम्प्रेसर कायमचाच जातो.

आता टॉप-अपकडे येऊ. एक उदाहरण धरून चालू. दीड टनाचा आर-३२चा एसी, प्लेटवर ८०० ग्रॅम लिहिलेलं. वर्षभरात त्यातला २६० ग्रॅम, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा, गळाला. हिशेब केला तर बाहेर पडणारा वायू दिवसाला साधारण ३३० मिलिलिटर होतो, मिनिटाला पाव मिलिलिटरही नाही. साबणाचा फेस लावला तर सेंटिमीटरभर रुंदीचा एक बुडबुडा फुगायला दोन मिनिटं लागतील. जो मेकॅनिक फेस लावून दहा सेकंदांत 'लीक नाही' म्हणतो, त्याला ही गळती सापडणारच नाही. आणखी एक गंमत. एसी चालू असताना आतल्या बाजूचा दाब कमी असतो. बंद करून थोडा वेळ थांबलं की सगळीकडचा दाब सारखा होतो आणि तिशीच्या तापमानाला तो २५० पीएसआयच्या वर जाऊ शकतो. म्हणून इनडोअरची गळती एसी बंद असताना शोधावी.

शोधायचं कुठे? सगळ्यात आधी फ्लेअर नट, म्हणजे जिथे नळीचं तोंड पसरून पितळी नटाने आवळलेलं असतं. मग गेज लावायच्या व्हॉल्व्हची पिन, ती तर दरवर्षीच्या गेज लावण्यानेच सैल होते. मग ब्रेझिंगचे जोड आणि शेवटी कॉइल. जिथून गॅस सुटतो तिथे त्याच्याबरोबर थोडं तेलही येतं, म्हणून तेलकट, धूळ चिकटलेला डाग हा उत्तम माग असतो. मुंबई-कोकणात बाहेरच्या कॉइलवर खारी हवा काम करते. आतल्या कॉइलला वेगळाच रोग होतो: रंग, प्लायवूड, सफाईची रसायनं यांतून निघणारी सेंद्रिय आम्लं ओलसर तांब्याला आतून पोखरतात, मुंगीच्या वारुळासारखी सूक्ष्म भुयारं तयार होतात आणि बाहेरून टाचणीच्या टोकाएवढंही छिद्र दिसत नाही.

फेसाने नाही सापडलं तर उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा आणि नळ्यांत कोरडा नायट्रोजन कंपनीने दिलेल्या मर्यादेत, सहसा ३०० पीएसआयच्या वर, भरायचा. गळती असलेल्या यंत्रात कॉम्प्रेसर चालवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडायला जाऊ नये. भोकातून हवा ओढली जाते आणि गरम तेलाशी गाठ पडून कॉम्प्रेसर फुटू शकतो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरणं तर स्फोटाला आमंत्रणच. भरलेला नायट्रोजन काही तास ठेवून गेज बघायचं. रात्री हवा १० अंशांनी उतरली तर ३०० पीएसआयमधले सुमारे १० पीएसआय आपसूक उतरतात, ती गळती नव्हे. त्याहून जास्त उतरलं तर शोध चालू ठेवायचा.

नट सैल असला तर नळीचं तोंड कापून नवा फ्लेअर करावा. जुनाच नट आणखी करकचून आवळला तर तोंड चिरतं. बाहेर हाताला येणारा जोड ब्रेझ करता येतो. आतल्या कॉइलला भुयारं पडली असतील तर एक बुजवल्यावर महिन्याभरात दुसरं उघडतं. तिथे कॉइलच बदलावी लागते आणि सात-आठ वर्षांच्या एसीत तो खर्च करायचा का, हा प्रश्न रास्त आहे.

दुरुस्तीनंतर लगेच गॅस भरता येत नाही, आधी व्हॅक्यूम पंप लावायचा असतो. नळ्यांत शिरलेली हवा कॉइलमध्ये द्रव होत नाही, ती नुसती जागा अडवून दाब वाढवते. दमटपणा तर त्याहून वाईट. आर-३२च्या यंत्रांतलं तेल पाणी शोषून घेतं, त्यातून आम्ल बनतं आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं वेष्टण खाऊ लागतं. म्हणून पंपाने दाब ५०० मायक्रॉनच्या खाली न्यायचा, पंप बंद करून तो तिथेच टिकतो का पाहायचं. आपल्याकडे बऱ्याचदा हे टाळून नट सैल करतात आणि गॅसच्या झोताने हवा 'हाकलतात'. त्याने हवा थोडी जाते, ओल राहते, आणि आर-३२ हळूहळू का होईना पेटणारा गॅस असल्याने बंद खोलीत ते धोक्याचंही आहे.

मग भरायचा तो वजनाने. आपल्या उदाहरणात नळी ८ मीटर आहे, कंपनीने ५ मीटरपर्यंतचा गॅस आधीच धरला आहे आणि पुढच्या प्रत्येक मीटरला २० ग्रॅम सांगितले आहेत असं समजू. मग ८०० अधिक ६०, एकूण ८६० ग्रॅम. सिलिंडर काट्यावर ठेवून तेवढाच सोडायचा. गेज पाहून भरण्यात दोन अडचणी आहेत. आत किती उरलाय हे माहीत नसतं. आणि इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, त्याबरोबर दाबही. त्यामुळे १२० दिसलं म्हणजे भरला, असं होत नाही. टॉप-अप करताना मेकॅनिक नेमकं याच गेजवर विसंबतो. आर-३२ एकच पदार्थ असल्याने थोडा उरलेल्यात थोडा घातल्याने त्याची घडण बिघडत नाही, हे मात्र खरं. 'मिश्रण बिघडतं' हे कारण मिश्र गॅसांपुरतंच आहे.

ऐन मे महिन्यात घरात आजारी माणूस आहे आणि गळती शोधायला दोन दिवस हवेत, तर तात्पुरता टॉप-अप करून घेण्यात गैर नाही. पण तो दुरुस्ती म्हणून मोजू नका. गॅस भरून झाला की बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: गळती कुठे सापडली, व्हॅक्यूम किती वेळ चालवला आणि गॅस किती ग्रॅम भरला. पहिल्या रकान्यात काहीच लिहिता येत नसेल, तर पैसे गॅसचे द्या, दुरुस्तीचे देऊ नका.