पावावरची बुरशी: कापलेल्या डागाच्या पलीकडे

पावसाळ्यात चार दिवसांपूर्वी आणलेलं स्लाइस ब्रेडचं पुडकं उघडावं, तर तिसऱ्या-चौथ्या स्लाइसच्या कोपऱ्यावर मिरीच्या दाण्याएवढा हिरवट ठिपका दिसतो. बऱ्याच घरांत पुढचं ठरलेलं असतं. तेवढा कोपरा सुरीने कापायचा, उरलेली स्लाइस तव्यावर खरपूस भाजायची आणि बाकीचं पुडकं पुन्हा बांधून ठेवायचं. अन्न टाकवत नाही, आणि अन्नाबद्दलची ही आस्था योग्यच आहे. पण सुरीने निघतो तो फक्त रंग. बुरशी त्या रंगाच्या बरीच पुढे गेलेली असते, आणि तिने सोडलेली रसायनं त्याहूनही पुढे गेलेली असू शकतात.

ही बुरशी येते कुठून? भट्टीतून निघालेला पाव बुरशीपासून जवळजवळ पूर्ण मुक्त असतो. भाजताना पावाच्या गाभ्याचं तापमान ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतं आणि त्यात बुरशीचे बीजाणू मरतात. लागण होते ती त्यानंतर. पाव गार होत असताना हवेतले बीजाणू त्यावर बसतात, स्लाइस करणाऱ्या यंत्राच्या पात्यांवरून ते आतल्या भागापर्यंत पोहोचतात आणि घरी पुडकं उघडल्यावर पुन्हा नव्याने येतात. पाव पुरता गार व्हायच्या आधी पिशवीत भरला, तर पिशवीला आतून घाम सुटतो. त्या ओलाव्यात बुरशी आणखी लवकर धरते.

पेनिसिलियम ही ब्रेडवर नेहमी आढळणारी निळसर-हिरवी बुरशी. तिचा बीजाणू इतका लहान असतो की एका मिलिमीटरमध्ये ओळीने अडीचशे-तीनशे बसतील. असा एक बीजाणू ब्रेडवर पडला आणि त्याला ओल आणि ऊब मिळाली, की काही तासांत तो फुगतो आणि त्यातून एक बारीक धागा फुटतो. हा बुरशीचा तंतू. तो लांब होत जातो, त्याला फाटे फुटतात आणि त्या फाट्यांनाही फाटे फुटतात. ब्रेडचा आतला भाग मऊ आणि जाळीदार असतो. त्यातल्या पोकळ्यांत हवा असते आणि भिंतींत ओलावा, म्हणजे बुरशीला हवं ते सगळं जागच्या जागी मिळतं. तंतू पृष्ठभागावर पसरतात तसे आतही शिरतात. ते केसापेक्षा कितीतरी बारीक आणि रंगाने पांढरे किंवा पारदर्शक असतात. पांढऱ्या ब्रेडमधले पांढरे तंतू नुसत्या डोळ्यांना दिसणं जवळजवळ अशक्यच.

मग हिरवा रंग कसला? तो नव्या बीजाणूंचा. तंतूंचं जाळं पुरेसं वाढल्यावरच बुरशी बीजाणू तयार करायला घेते, आणि ते लाखोंनी जमले की आपल्याला ठिपका दिसतो. म्हणजे रंग ही बुरशीच्या वाढीची सुरुवात नसते, तो बराच उशिराचा टप्पा असतो. याची खूण त्या ठिपक्यातच सापडते. नीट पाहिलं तर हिरव्या भागाभोवती बऱ्याचदा पांढरी कड असते. ते कोवळे तंतू, अजून बीजाणू न धरलेले. त्या कडेच्या बाहेरही विरळ तंतू पसरलेले असतात, पण तिथे पाहण्यासारखं काहीच नसतं. कापणारा माणूस हिरव्याच्या कडेने कापतो, फार तर बोटभर जास्त. बुरशीची हद्द नेमकी कुठे संपते, हे त्याला कळायला मार्गच नाही.

काळी बुरशी, म्हणजे रायझोपस, आणखी वेगाने पसरते. आधी कापसासारखी पांढरी लव दिसते आणि मग तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके येतात. तिचे आडवे धावणारे तंतू मध्येमध्ये ब्रेडमध्ये मुळांसारखे रुततात आणि पुढे सरकतात. शेतातली हरळी अशीच पसरते. वरचं गवत खुरप्याने छाटलं म्हणून हरळी गेली, असं कुठलाही शेतकरी म्हणणार नाही.

तंतू पोटात गेले, इतकाच प्रश्न असता तर तो तितका गंभीर नव्हता. खरा मुद्दा बुरशी जेवते कशी, हा आहे. बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही. ती आपले पाचक रस ब्रेडमध्ये बाहेरच सोडते. त्यांनी ब्रेडमधला स्टार्च विरघळला, की त्यातून तयार झालेली साखर ती तंतूंमधून शोषून घेते. पाचक रसांबरोबर तिच्या शरीरात तयार होणारी इतर रसायनंही बाहेर पडतात. त्यांतली काही माणसाला आणि जनावरांना विषारी असतात. अस्परजिलसच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन तयार करतात, तर पेनिसिलियम आणि अस्परजिलसच्या काही जाती ऑक्रॅटॉक्सिन. पहिलं यकृताला घातक आहे आणि त्याने माणसाला कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. दुसरं मूत्रपिंडांना त्रास देतं. अशी विषं ब्रेडमधल्या ओलाव्याबरोबर झिरपतात, त्यामुळे तंतू जिथे पोहोचलेले नाहीत तिथेही ती पोहोचू शकतात. त्यांना रंग नसतो आणि वासही नसतो.

भाजून खाल्लं तर काय बिघडतं, असं यावर विचारलं जातं. उष्णतेने बुरशी मरते, हे खरंच आहे. विषाचं तसं नाही. अफ्लाटॉक्सिन मोडायला २५० अंशांहून अधिक तापमान लागतं. तव्यावर किंवा टोस्टरमध्ये स्लाइसचा पृष्ठभाग तांबूस होतो, पण ओलसर आतला भाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. तेव्हा टोस्टमधली बुरशी मेलेली असेल, पण तिने आधीच सोडलेलं विष तसंच राहील.

बुरशीचं विष काय करू शकतं, याचं एक भीषण उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांच्या आदिवासी गावांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. अवेळी पावसात मका भिजला होता, त्यावर अस्परजिलस धरली होती आणि लोक आठवडेच्या आठवडे तोच मका खात होते. ३९७ जण आजारी पडले, त्यांपैकी १०६ दगावले. त्या घरांतलं अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडून मेली. अर्थात, रोजचं मुख्य अन्न म्हणून खाल्लेला बुरशीचा मका आणि ब्रेडची एखादी स्लाइस यांत मोठं अंतर आहे. ब्रेडवरची प्रत्येक बुरशी विषारी नसते, आणि असली तरी ती दर वेळी धोकादायक प्रमाणात विष करतेच असं नाही. पण कोणती बुरशी कोणत्या जातीची आहे आणि तिने किती विष सोडलं आहे, हे घरच्या ओट्यावर सांगता येत नाही. रंगावरून तर मुळीच नाही. एकाच हिरव्या रंगाच्या जाती अनेक असतात.

चुकून एक घास खाल्ला गेला, तर घाबरण्याचं कारण नाही. निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही, फार तर मळमळेल. उलट्या थांबत नसतील, किंवा अंगावर पित्त उठलं, श्वास लागला, तर मात्र डॉक्टरांकडे जावं. दम्याच्या आणि ॲलर्जीच्या रुग्णांनी बुरशीचा ब्रेड नाकाजवळ नेऊन हुंगूही नये. किमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या माणसासाठी तर हा धोका बराच मोठा आहे.

पण चीजवरची बुरशी चालते, मग ब्रेडवरची का नाही? निळ्या चीजमध्ये घालतात ती बुरशी पारखून निवडलेल्या वाणाची असते आणि ठरावीक परिस्थितीतच वाढवलेली असते. ब्रेडवर आपोआप येणारी बुरशी कोण, कुठली, हे कुणालाच ठाऊक नसतं. पेनिसिलिन पेनिसिलियमपासून मिळालं म्हणून ब्रेडवरची बुरशी औषधी ठरत नाही. त्या वंशात शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या काही विषही बनवतात. कापून वापरता येतील असे पदार्थ आहेत, पण ते घट्ट आणि कमी ओलाव्याचे. कडक चीजचा ठोकळा किंवा गाजर, कोबी यांसारखी घट्ट भाजी, यांच्यात तंतू सहज खोल शिरत नाहीत. म्हणून डागाभोवती आणि डागाखाली निदान अडीच सेंटिमीटर भाग काढून उरलेलं वापरायला हरकत नसते. ब्रेड, लादी पाव, केक, शिजवलेला भात हे मऊ, ओलसर पदार्थ या सवलतीत बसत नाहीत.

एका स्लाइसवर ठिपका दिसला, तर पुडक्यातल्या बाकीच्या स्लाइसचं काय? त्या एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे तंतू एकीतून दुसरीत जातात. शिवाय पुडकं हलवताना लाखो सुटे बीजाणू सगळीकडे उडतात. म्हणून सगळंच पुडकं टाकावं. एकमेकांना जोडलेल्या लादी पावालाही हेच लागू आहे. टाकतानाही थोडा विचार हवा. ते गाईला, भटक्या कुत्र्याला किंवा कावळ्याला घालू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्याच शोधातून अफ्लाटॉक्सिन सापडलं. कुरतडलेल्या बुरशीच्या ब्रेडमुळे कुत्र्यांना थरथर आणि झटके येतात, हे पशुवैद्यांना माहीत आहे. तेव्हा ब्रेड न हलवता कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकावा. ज्या डब्यात तो होता, तो गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. बीजाणू डब्यात उरले, तर पुढचा पावही त्यांच्याच ताब्यात जातो.

अन्न वाया जाऊ नये, हे खरं साधतं ते डाग पडण्याच्या आधी. दोन दिवसांत संपेल इतकाच पाव आणावा. भट्टीवाल्याच्या ताज्या पावात बुरशी रोखणारी रसायनं बहुधा नसतात, म्हणून तो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवावा. उरणार असं दिसलं, तर स्लाइस वेगवेगळ्या करून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. उणे १८ अंशांला बुरशी वाढत नाही, आणि हवी तेवढी स्लाइस काढून थेट भाजता येते. फ्रीजच्या नेहमीच्या कप्प्यात बुरशी मंदावते, पण ब्रेड लवकर कोरडा आणि कडक होतो. शिळा झाला पण बुरशी नाही, असा पाव मंद आचेवर खडखडीत वाळवून त्याचा चुरा करावा. कटलेटला तो महिनाभर उपयोगी पडतो.

ठिपका दिसला की मात्र हिशेब करू नये. काही रुपयांच्या ब्रेडपायी घरातल्या कुणाच्याही यकृताची परीक्षा घेण्यात कसलीच काटकसर नाही. पूर्ण पुडकं टाका, आणि पुढच्या वेळी निम्मं आणा.