तव्याला तेल किती लावायचं?

बिडाचा तवा कुरिअरने घरी पोहोचतो आणि आठवड्याभरात विकणाऱ्याच्या फोनवर तक्रारी यायला लागतात. तवा चिकट झालाय, घावन सुटत नाही, कडेला गंज दिसतोय. म्हणून बिडाची भांडी विकणारे छोटे व्यावसायिक हल्ली इन्स्टाग्रामवर कॅरोसेल टाकतात. बोटाने सरकवत जायच्या स्लाइड, आणि प्रत्येक स्लाइडवर निगेचा एकच नियम. कल्पना चांगली आहे. तवा समोर ठेवून, फोन हातात धरून माणूस एका वेळी एकच गोष्ट करू शकतो. पण नियमाखाली त्याचं कारण एका ओळीत लिहिलेलं नसेल, तर तोच नियम तवा बिघडवतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘तव्याला तेल लावून तापवा’ या स्लाइडवर. हे वाचून गिऱ्हाईक चमचाभर तेल ओततं, सगळीकडे पसरवतं आणि गॅस लावतं. तासाभराने तवा गार होतो तेव्हा त्यावर तपकिरी, बोटाला चिकटणारे ओघळ वाळलेले असतात.

याचं कारण तेलाच्या स्वभावात आहे. बिडाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्यावर तेलाचा अगदी पातळ थर देऊन तो धूर येईपर्यंत तापवला, की तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लोखंडाला धरून बसणारं कडक, काळं आवरण तयार होतं. यालाच सीझनिंग म्हणतात. थर जाड असेल तर वरची साय आधी घट्ट होते, खालचं तेल अर्धकच्चं राहतं आणि तवा चिकट होतो.

म्हणून या स्लाइडवरचा नियम असा हवा: ‘तेल लावा, आणि मग लावलेलं सगळं तेल पुसून काढा.’ वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण नेमकं तेच करायचं असतं. धुऊन गॅसवर कोरडा केलेला तवा कोमट असताना पाव चमचा शेंगदाणा तेल आतून, बाहेरून आणि मुठीलाही चोळायचं. मग कोरडं सुती फडकं घेऊन, तेल चुकून लागलंय अशा समजुतीने ते पुसायचं. तवा ओला चमकत असेल तर तेल अजून जास्त आहे. तो मंद, कोरड्यासारखा दिसू लागला की बरोबर. मग ओव्हनमध्ये पालथा घालून २३० ते २५० अंशांवर तासभर ठेवायचा आणि तिथेच गार होऊ द्यायचा. ओव्हन नसेल तर मध्यम गॅसवर, खिडकी उघडी ठेवून, धूर निघून थांबेपर्यंत तापवायचा. मात्र गॅसवर कडा मध्यापेक्षा कमी तापतात, म्हणून तवा मधूनमधून सरकवावा लागतो. असे तीन-चार हात दिले की तवा काळा दिसू लागतो. या स्लाइडवर मजकुरापेक्षा दोन फोटो जास्त उपयोगी पडतात: पुसण्याआधीचा चमकता तवा आणि पुसल्यानंतरचा मंद तवा.

आधीच चिकट झालेला तवा फेकायचं कारण नाही. नवं तेल न लावता तो पुन्हा तासभर तापवला, तर अर्धकच्चा थर बहुधा घट्ट होतो. तरीही चिकटला, तर घासून काढून पहिल्यापासून सुरुवात.

‘साबण कधीच लावू नका’ ही स्लाइड मात्र काढून टाकावी. हा नियम तीव्र क्षार असलेल्या जुन्या साबणांच्या काळातला आहे. आजच्या सौम्य लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ घासणी घट्ट बसलेल्या सीझनिंगला काही करत नाहीत. तवा बिघडतो तो रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवल्याने. म्हणून साबणाच्या जागी ‘धुतल्यावर लगेच दोन मिनिटं गॅसवर ठेवा’ ही स्लाइड हवी. कोकणातल्या पावसाळ्यात फडक्याने पुसलेल्या तव्यावरही सकाळी गंजाचे नारिंगी ठिपके दिसतात.

तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, हे एका ओळीत सांगून पुढे जाता येतं: बीड ठिसूळ असतं, तडकतं. चिंच-टोमॅटोचा रस्सा बिडाच्या कढईत फार वेळ शिजवू नये, कारण आंबटाने आवरण सुटतं आणि रस्सा काळपट होतो.

पहिल्या स्वयंपाकासाठी वेगळी स्लाइड द्यावी. नव्या तव्यावर थेट घावन घालायला गेलं तर ते फाटतंच. तवा मंद आचेवर चार-पाच मिनिटं तापवायचा, कारण बीड हळूहळू तापतं. मग अर्धा चिरलेला कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. सुरुवातीचे काही दिवस कांदा परतणं, पापड तळणं असे तेलकट पदार्थ करावेत, आणि त्यानंतर पातळ पिठाला हात घालावा.

शेवटची स्लाइड गंजाची. वरवरचा गंज तारेच्या घासणीने आणि जाड मिठाने निघतो. चिवट असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तवा त्यात अर्धा तास बुडवायचा. आम्ल लोखंडही खातं, त्यामुळे त्यापेक्षा जास्त वेळ ठेवायचा नाही. काढल्यावर लगेच धुवायचा, गॅसवर कोरडा करायचा आणि पाव चमचा तेल घ्यायचं.