पेन कुणाच्या हातात?

मुख्याध्यापकांकडे मी पहिल्यांदा प्रस्ताव नेला तेव्हा त्यात एकच ओळ कामाची होती: ‘हुशार विद्यार्थ्यांनी कच्च्या विद्यार्थ्यांना प्रथम सत्र परीक्षेआधी शिकवावे.’ सरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “कोण कुणाला, कोणत्या वर्गात, किती वाजता? आणि शिक्षकांचं काम पोरांवर ढकलता, असं पालक म्हणाले तर?” एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. कागद परत आला.

शेवटचा प्रश्न तसा जुनाच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या लष्करी अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं. वाळूत अक्षरं गिरवणारी इथलीच मुलं पाहून त्यांना ते सुचलं होतं. 1797 मध्ये त्यांनी लंडनमध्ये त्यावर पुस्तिका काढली आणि ही पद्धत इंग्लंडभर पसरली. तिचं मोठं आकर्षण म्हणजे एका मास्तरात शेकडो मुलं सांभाळता येत. स्वस्तात काम भागायचं, पण घोकंपट्टी वाढायची. तेव्हा सरांची शंका रास्तच होती.

दुसऱ्या खेपेला मी आधी नववीच्या वर्गाची वीस मिनिटांची बीजगणिताची चाचणी घेतली आणि पेपर गुणांप्रमाणे न लावता चुकांप्रमाणे लावले. तीन गठ्ठे झाले. एकात −5 + 3 चं उत्तर −8 होतं. दुसऱ्यात 1/2 + 1/3 = 2/5. तिसरा गठ्ठा सगळ्यांत जाड. त्यात 3x = 12 वरून x = 12 − 3, म्हणजे 9 काढलेलं. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे या मुलांनी पाठ केलेलं होतं आणि ते इमानदारीनं सगळीकडे लावत होते.

जोड्या या गठ्ठ्यांवरून लावल्या. वर्गात पहिली येणारी मुलगी शेवटच्या बाकावरच्या मुलाशी बसवायची, हा मोह टाळला. ती तीन पायऱ्या मनातच करते, मग त्याला काय सांगणार? ज्याची हीच चूक गेल्या वर्षी होत होती आणि आता सुटली आहे, असा मुलगा जास्त उपयोगी पडतो. उलट भूगोलाचे नकाशे भरण्यात बीजगणितातले काही ‘कच्चे’ फार पुढे होते, म्हणून एक दिवस त्यांनी शिकवायचं ठरलं. यादी सूचना फलकावर लावायची नाही, हेही प्रस्तावात लिहिलं. ‘ढ’ हा शिक्का एकदा बसला की मूल दुसऱ्या दिवशी येतच नाही.

वेळ ठरवायला सगळ्यांत त्रास झाला. शाळा सुटल्यावर थांबवलं तर खेड्यांवरच्या मुलांची एसटी चुकते. शेवटी मंगळवार आणि गुरुवार, परिपाठाआधीची चाळीस मिनिटं, चार आठवडे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बंद, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या अभ्यासाची ओरड नको. शिकवणाऱ्यांच्या पालकांची सही आधी घ्यायची. वर्गात एक शिक्षक कायम हजर.

शिकवणाऱ्यांना मी दोनच गोष्टी शिकवल्या. पेन शिकणाऱ्याच्या हातात राहील आणि उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणायचं नाही, ते समीकरणात घालून बघायला सांगायचं. एका बाकावर मी ऐकत उभा होतो.

“नऊ आलं ना? मग तीन गुणिले नऊ किती?”

“सत्तावीस.”

“आणि तिथं काय लिहिलंय?”

मुलगा बराच वेळ त्या 12 कडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तीन गुणलेले आहेत. भागायला पाहिजे.”

बिघाड ओळखायला कान लागत नाहीत, वही पुरते. पहिल्या आठवड्यात चार वह्यांत उत्तरं बरोबर होती, पण अक्षर शिकवणाऱ्याचं. त्या जोड्या बदलल्या. दोघा मुलांना पाढेच येत नव्हते आणि शाब्दिक उदाहरण वाचताही येत नव्हतं. तिथं सोबत्यानं काही होत नाही. ती दोघं माझ्याकडे घेतली. ही अट प्रस्तावातच असल्यामुळे सरांच्या ‘ढकलता’ या शब्दाला उत्तर मिळालं.

चार आठवड्यांनी तीच चाचणी, आकडे बदलून. भागाकाराच्या जागी वजाबाकी करणारा गठ्ठा खूपच पातळ झाला. अपूर्णांकांचा मात्र जवळपास तेवढाच राहिला. छेद समान का करायचे, हे शिकवणाऱ्यांनाच सांगता येत नव्हतं. ते मला आधीच तपासायला हवं होतं. दोन्ही गठ्ठे सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी अपूर्णांकांचा उचलला आणि म्हणाले, “हा तुम्ही स्वतः शिकवा. बाकीचं दुसऱ्या सत्रात परत चालू करा.”