कुलूप कोणी काढायचे?
लेखमाला : कारखान्यातली मराठी

प्रेस दुरुस्तीला घेतली की वीज तोडून मेन स्विचला कुलूप लावतात. त्याला लॉकआउट म्हणतात. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत ही सूचना बहुधा इंग्रजीतून मराठीत येते. वाटेत तिचा अर्थ सरकला का, हे तपासण्याची एक रीत म्हणजे उलटा अनुवाद. मराठी मजकूर अशा माणसाला द्यायचा, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलेच नाही. त्याने तो पुन्हा इंग्रजीत करायचा आणि मग दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवायचे.

अमेरिकेच्या ओशा नियमावलीतला १९१०.१४७ हा नियम घेऊ. ज्या कर्मचाऱ्याने कुलूप लावले, त्यानेच ते काढले पाहिजे, असे तो सांगतो. समजा, आपल्या कार्यालयीन सवयीने कोणी मराठी केले : ‘काम संपल्यावर संबंधित कर्मचाऱ्याने कुलूप काढावे.’ वाचायला काही खटकत नाही. पण उलटा अनुवाद येतो : काम संपल्यावर, त्या कामाशी संबंध असलेल्याने कुलूप काढावे. लावणारा माणूस वाक्यातून गायबच झाला! दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझरही स्वतःला ‘संबंधित’ समजू शकतो आणि पहिल्या शिफ्टच्या फिटरचा हात तेव्हा डायमध्ये असू शकतो.

दुरुस्ती अशी : ‘ज्याने कुलूप लावले, त्यानेच ते काढायचे. इतर कोणीही कधीही काढायचे नाही.’ पुन्हा उलटा अनुवाद केला की आता वेगळेच दिसते. मराठी सूचना मूळ नियमापेक्षा कडक झाली आहे. कुलूप लावणारा कारखान्यात नसेल, तर तो खरोखर नाही याची खात्री करून, त्याच्याशी संपर्काचा प्रयत्न करून आणि कामावर परतण्याआधी त्याला कळेल अशी व्यवस्था करून, ठरलेल्या पद्धतीने कुलूप काढण्याची सोय नियमात आहे. ‘कधीही’ या शब्दाने ती पुसली गेली. तो शब्द काढून अपवादाचे वेगळे वाक्य घालावे लागते.

ही रीत दोन ठिकाणी फसते. उलटा अनुवाद करणारा स्वतः मेंटेनन्समधला असेल, तर तो ‘संबंधित’चा योग्य अर्थ मनानेच भरतो आणि दोष झाकला जातो. म्हणून इथे भाषा उत्तम जाणणारा, पण लॉकआउटची पद्धत माहीत नसलेला माणूस मला अधिक उपयोगी वाटतो. दुसरे म्हणजे, ‘एनर्जी आयसोलेटिंग डिव्हाइस’ देवनागरीत जसेच्या तसे लिहिले, तर ते इंग्रजीत अगदी अचूक परतते, पण ऑपरेटरला काहीच कळलेले नसते. त्यासाठी फलक त्याच्या हातात द्यावा आणि ‘आता तू काय करशील?’ असे विचारावे.

सगळी पुस्तिका उलटी करायला वेळ नसेल, तर निदान कोणी, केव्हा आणि काय करायचे नाही, हे सांगणारी वाक्ये तरी फलक छापायला जाण्याआधी तपासून घ्या.