‘खाऊन राहिलो’ म्हटलं म्हणून मार्क कापायचे?

आमच्या मराठी वर्गात मागच्या वर्षी मुलांची तोंडी परीक्षा होती आणि परीक्षक म्हणून मला बसवलं होतं. मी इंजिनिअर आहे, भाषेचा मास्तर नाही. पण मोहगावचा आहे, घरी मराठीच बोलतो, म्हणून निवड झाली.

चित्रात संत्र्याची बाग होती. आठ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, “माणूस संत्री तोडून राहिला. टोपली भरली. त्याले ऊन लागून राहिलं.” मी दहापैकी चार गुण दिले. शेजारच्या बाईंनी आठ दिले. नंतर कळलं की मुलगा सुट्टीत सौंसरजवळ आजीकडे राहून आला होता. ‘करून राहिलो’, ‘मले’, ‘त्याले’ ही तर माझ्या आजीचीही बोली. शाळेत ती ‘अशुद्ध’ ठरली, आणि तोच शिक्का मी त्या मुलावर मारला होता.

गुणांतला हा फरक मुलाचा नव्हता, आमचा होता. एक गोष्ट खटकली की बाकीचं सगळंच कमी वाटू लागतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी 1920 साली या दोषाला ‘हेलो’ हे नाव दिलं. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डेन यांनी 1975 मध्ये वैद्यकीय परीक्षेसाठी एक उपाय मांडला. प्रत्येक विद्यार्थ्याला तेच काम द्यायचं आणि परीक्षकाच्या हातात आधी ठरवलेली यादी द्यायची. आम्ही तेच छोट्या प्रमाणात केलं.

यादीत फक्त कानांनी ऐकू येईल असंच ठेवलं. ‘छान बोलतो’ आणि ‘शुद्ध बोलतो’ या ओळी काढल्या, कारण त्यांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा. उरल्या त्या अशा:

1. चित्रातल्या तीन गोष्टी स्वतःहून सांगितल्या.
2. काय चाललं आहे ते दोन पूर्ण वाक्यांत सांगितलं.
3. ‘म्हणून’ किंवा ‘कारण’सारख्या शब्दाने दोन गोष्टी जोडल्या.
4. लिंग आणि वचन जुळवलं.
5. पाठ नसलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं.
6. परीक्षकाला एक प्रश्न विचारला.

चौथ्या ओळीवर सगळ्यात जास्त वाद झाला. बोली कुठली आणि चूक कुठली? आम्ही एक साधी कसोटी लावली: ज्या गावात ही भाषा बोलतात, तिथली आजी असं बोलते का? ‘तोडून राहिला’ म्हणते, म्हणून ती बोली. गुण कापायचे नाहीत. पण कुणी ‘माझी पुस्तक’ म्हटलं तर ती आजी हसेल. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे, मराठीत नाही. तिथे हिंदीचं लिंग मराठीत घुसलं आहे, आणि ते मुलाला शिकवायला हवं. प्रमाण मराठीच तपासायची असेल तर तेही चालेल, पण ते आधी सांगून आणि वेगळ्या ओळीत.

दुसरी गडबड मदतीची. मूल थांबलं की एक परीक्षक शब्द सुचवतो, दुसरा गप्प बसतो, आणि गुण मात्र सारख्याच मापाने पडतात. म्हणून मदतीच्या पायऱ्या ठरवल्या. आधी मनात पाच आकडे मोजायचे. मग तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. मग सोप्या शब्दांत. यापुढे काही सुचवायचं नाही. कितव्या पायरीवर उत्तर आलं ते लिहून ठेवायचं.

पाचव्या ओळीसाठी प्रश्न मुलाच्याच बोलण्यातून घ्यायचा. “टोपली भरली” असं तो म्हणाला, तर विचारायचं, “आता ती कुठे नेतील?” याचं उत्तर घरून पाठ करून आणता येत नाही.

आम्ही त्या मुलाला पुन्हा बोलावलं, पण चित्र बदललं आणि खुणा दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर केल्या. माझ्या पाच आल्या, बाईंच्या पाच. दोघांचीही राहिलेली ओळ एकच होती: त्याने आम्हाला काहीच विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्याला काय शिकवायचं, ते त्या कागदाने सांगितलं. ‘चार’ने यातलं काहीच सांगितलं नसतं.

यादीचीही मर्यादा आहे. मूल कंटाळून, यंत्रासारखं सगळं उरकेल आणि सहाही खुणा मिळवेल. म्हणून शेवटी एक स्वतंत्र ओळ ठेवली: ‘याच्याशी गप्पा मारता आल्या का?’ तिला हो, थोडं किंवा नाही एवढंच उत्तर. यादी आणि ही ओळ जुळली नाही, तर दोन्ही परीक्षक बोलून ठरवतात.

त्या मुलाचे जुने चार गुण मी वहीत खोडले आणि त्याच्या आईला कारण सांगितलं. ती म्हणाली, “तो म्हणे, मी आता आजीसारखं बोलत नाही.”

पुढच्या रविवारी मी त्याला मुद्दाम विचारलं, “काय करून राहिला बे?” तो आधी दचकला, मग हसला.